मी पोचेपर्यंत ओळ निघून जाते

त्या संध्याकाळी आई पलंगाच्या कडेला बसून मी केलेला हरिपाठाचा व्हिडिओ बघत होती. मी दारातून तिच्याकडे बघत होते, तिला न कळता. फोन नेहमीसारखा उभा, दोन्ही हातांत, चेहऱ्याच्या अगदी जवळ. ओठ हलत होते. मग एका ठिकाणी ते थांबले. डोळे पडद्यावर काहीतरी शोधत राहिले, आवाज पुढं गेला, आणि दोन ओळींनंतर ओठ पुन्हा हलायला लागले. पुढच्या अभंगात तेच. मी जवळ जाऊन विचारलं, काय गं, दिसत नाही का? ती म्हणाली, "दिसतं की. पण मी पोचेपर्यंत ओळ निघून जाते."

तक्रारीचा सूर नव्हता. बस चुकल्यावर माणूस सांगतं तसं सांगितलं, जणू चूक तिचीच. तेच मला रात्रभर टोचत राहिलं, कारण तो व्हिडिओ मी मुद्दाम तिच्यासाठी आणि तिच्या वयाच्या माणसांसाठी केला होता. मोठी अक्षरं, संथ गती, असं मी वर लिहिलंही होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझी संहिता काढून बसले. संहिता म्हणजे एका वहीत मारलेले तीन रकाने: वेळ, पडद्यावरची अक्षरं, आवाज. वेळेच्या रकान्यात एका ओवीला आठ सेकंद होते. अभंगाच्या चार ओव्या, म्हणजे आठ ओळी, हळूहळू वर सरकत जात होत्या. मागं नदीचं चित्रण, तेही हलतं. मला ते फार प्रसन्न वाटलं होतं. पण आता वाचताना लक्षात आलं की ही संहिता मी ऐकणाऱ्या माणसासाठी लिहिली होती. बघायला बसलेली आई ऐकत नव्हती, म्हणत होती. रोज भक्तीचं काही लावून बसणाऱ्या या वयाच्या माणसांतली निम्मी तरी तशीच असावीत असं मला वाटतं. ती प्रेक्षक नसतात, साथीला बसलेली असतात, आणि साथीला बसलेल्याला पुढचा चरण आधी कळावा लागतो.

मी तिला विचारलं, तुला तर सगळा हरिपाठ पाठ आहे, मग अक्षरं कशाला बघतेस? तिनं जरा विचार केला. म्हणाली, पाठ आहे, पण हल्ली पहिला शब्द सापडत नाही. तो दिसला की पुढचं आपोआप येतं. जिन्याच्या कठड्यासारखं, हात टेकवला की पाय आपापले चालतात.

एवढ्या वाक्यावर माझी सगळी संहिता मोडून नव्यानं मांडावी लागली. तोवर मी समजत होते की अक्षर आवाजाबरोबर यायला हवं, जुळून यायला हवं. मी तर फ्रेम मोजून मोजून ते जुळवलं होतं. आणि नेमकं तेच चुकीचं होतं. अक्षर आणि आवाज एकाच क्षणी आले, तर वाचून ओठांपर्यंत शब्द येईस्तोवर आवाज पुढं गेलेला असतो. मग ती त्याच्या मागं धावते, धाप लागते, थांबते. अक्षर आधी यायला हवं. किती आधी, हे ठरवायला मी तिला आवाज बंद करून एकेक ओवी दाखवली आणि घड्याळ लावून बसले. अक्षरं दिसल्यापासून पहिला शब्द तोंडातून निघेपर्यंत तिला सव्वा ते दीड सेकंद लागत होता. एक श्वास घेण्याएवढा वेळ. ती खरोखर श्वासच घेत होती, म्हणायच्या आधीचा.

आता माझ्या वेळेच्या रकान्यात प्रत्येक ओवीपुढं दोन आकडे असतात. एक अक्षरं उमटायची वेळ, दुसरी आवाज सुरू व्हायची, आणि त्यांत दीड सेकंदाचं अंतर. शेवटी उलट: आवाज संपल्यावरही अक्षरं दोन सेकंद तशीच राहतात, कारण ओवीचा शेवटचा शब्द ती जरा लांबवते.

सरकत्या ओळी काढून टाकल्या, हे वेगळं सांगायला नको. हलत्या ओळीवर नजर ठेवायची तर डोळ्याला तिचा पाठलाग करत राहावं लागतं, आणि मध्ये एकदा चष्मा सारखा केला, खोकला आला, की ती ओळ आता कुठं असेल हे पुन्हा शोधावं लागतं. पान स्थिर असलं तर डोळा परत येतो तेव्हा ओळ तिथंच असते. एक ओवी, एक पान. पान बदलतानाही एकातून दुसरं उमलतं असं करायचं नाही, कारण त्या अर्ध्या सेकंदात दोन्ही ओव्यांची अक्षरं एकमेकांत मिसळतात आणि थकलेल्या डोळ्याला नुसता गिचका दिसतो. जुनं पान जावं, क्षणभर रिकामं असावं, मग नवं यावं.

आणि मग एक गोष्ट हाती लागली. तिचा आनंद अजून ओसरलेला नाही. पोथीत ओवी दोन ओळींत छापतात, मध्ये दंड. मीही तशीच टाकली होती. अक्षरं मोठी केली की त्या ओळी पडद्याबाहेर जायच्या, म्हणून कुठंतरी तोडाव्या लागायच्या, आणि त्या जिथं मावतील तिथं तुटायच्या. एके ठिकाणी "उभा" वरच्या ओळीत राहिला होता आणि "क्षणभरी" खाली पडला होता. तिचे ओठ पहिल्यांदा थांबले होते ते तिथंच. मी कागदावर अक्षरं मोजायला लागले. "देवाचिये द्वारीं", सहा. "उभा क्षणभरी", सहा. "तेणें मुक्ति चारी", सहा. "साधियेल्या", चार. सहा, सहा, सहा, चार. हे अभंगाचं माप आपण शाळेत शिकलेलो असतो, पण मला ते कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. चार चरण, चार ओळी. या ओवीच्या एकाही ओळीत सहाहून जास्त अक्षरं नाहीत. तोंडानं म्हणताना जिथं थांबायचं, तिथंच ओळ संपते. रचना म्हणण्यासाठी झाली होती, छापण्यासाठी नाही. छापताना आपण तिच्या दोन ओळी केल्या. उभ्या धरलेल्या फोनच्या अरुंद पडद्यावर ती पुन्हा आपल्या मापात बसली.

अक्षराच्या आकाराचं मात्र गणित करावं लागलं, आणि ते मी आधी केलंच नव्हतं. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर बसून मी अक्षर मोठं आहे असं ठरवलं होतं. आईचा फोन उभा धरला की पडद्याची रुंदी पावणेसात सेंटिमीटर, आणि त्यात आडवा व्हिडिओ बसवला की त्याची उंची जेमतेम पावणेचार. फोन आडवा केला तर तेच चित्र जवळजवळ पावणेदोन पट मोठं होतं. पण ती आडवा करत नाही. ते फिरणं बंद करून ठेवलंय, कारण पडल्या पडल्या बघताना चित्र आपोआप फिरतं आणि ती गोंधळते. तेव्हा माझी "मोठी" अक्षरं तिच्या हातात मोजली. शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंत दीड मिलिमीटरसुद्धा नव्हती. मात्रा-वेलांट्या त्याहून बारीक. औषधाच्या पाकिटावर छापतात तशी.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा तक्ता ज्या हिशेबानं बनतो तोच इथं लावता येतो. निकोप डोळ्याला ओळखू येणारं सगळ्यात लहान अक्षर नजरेत ५ मिनिटांचा कोन करतं. एक अंश म्हणजे ६० मिनिटं, त्यातली ५. आईची नजर चष्म्यासकट ६/१२ आहे, म्हणजे तिला दुप्पट हवं, १० मिनिटांचं. पण ही ओळखण्याची सीमा झाली, एकेक अक्षर थांबून थांबून ओळखण्याची. सहज वाचायचं तर त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतं. डोळ्यापासून ३८ सेंटिमीटरवर धरलेल्या फोनवर त्याचा हिशेब सव्वादोन ते सव्वातीन मिलिमीटर येतो. मी वरचा आकडा धरला. १०८० बिंदू उंचीच्या चित्रात तेवढी उंची म्हणजे ९० बिंदू, नुसत्या अक्षराच्या देहाची. फाँटचा आकडा त्याहून मोठा, दीडशेच्या आसपास टाकावा लागतो, कारण त्या आकड्यात वरची मात्रा आणि खालचा उकार यांची जागाही धरलेली असते. दोन ओळींमध्ये दीडपट अंतर ठेवलं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. चार ओळी लावल्या आणि खाली दीडशे बिंदूंची पट्टी रिकामी सोडली, कारण बोट लागलं की तिथं थांबवायचं बटण आणि ती लाल रेघ येते आणि चौथा चरण झाकते. सगळं बरोब्बर बसलं. पाचवी ओळ घालायला जागा नाही, आणि ओवीला पाचवी ओळ लागतही नाही.

टीव्हीवर बघणाऱ्यांचं काय, असं मनात आलं. बत्तीस इंची पडद्याची उंची ४० सेंटिमीटरच्या आत असते. अडीच मीटरवरून हीच अक्षरं उभ्या फोनपेक्षा जवळजवळ दीडपट मोठी दिसतात. म्हणजे उभ्या फोनला पुरलं ते तिथंही पुरतं. तेव्हापासून मी सगळं आधी उभ्या फोनवर बघते. संगणकावर बघून काहीही ठरवत नाही.

रंगांच्या बाबतीत मला जरा वाईट वाटलं, खरं सांगायचं तर. केशरी पार्श्वभूमीवर लाल अक्षरं, कडेला पिवळी झळाळी, हे सगळं मला भक्तीचं वाटतं. लहानपणापासून तेच पाहिलंय. पण साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानानं साधारण एकतृतीयांशच प्रकाश पोचतो. बाहुली लहान झालेली असते, भिंग गढूळ आणि पिवळसर. लाल आणि केशरी यांत उजेडाचा फरक फारसा नसतो, फरक नुसत्या रंगाचा असतो, आणि तो त्या डोळ्याला पुरत नाही. पारख सोपी आहे: पानाचा रंग काढून ते करडं करून बघायचं. माझं पहिलं पान करडं केलं तेव्हा अक्षरं जवळजवळ नाहीशी झाली. पांढऱ्यावर काळं करून पाहिलं, पण आईच्या एका डोळ्यात अजून मोतीबिंदू आहे, आणि तो पांढरा उजेड तिच्या डोळ्यात धुक्यासारखा पसरतो. शेवटी गडद तपकिरीवर सायीच्या रंगाची अक्षरं ठरली. मागची नदी गेली. केशरी रंग एका बारीक पट्टीपुरता उरला, वरच्या कडेला, अभंगाचा आकडा असतो तिथं. तेवढा राहू दिला.

संथ करण्याच्या नादात एक चूक मी केलीच. जुनं ध्वनिमुद्रण घेतलं आणि पाऊणपट वेगानं ताणलं. दोन मिनिटांत सगळं संथ झालं, मी खूश. आईनं ऐकलं आणि म्हणाली, "या बाईला बरं नाही का?" आवाज ताणला की स्वर लांबतात आणि व्यंजनं चिखलात रुतल्यासारखी होतात. आणि म्हाताऱ्या कानाला स्वर ऐकू येतच असतात. त्याचं जातं ते स, श, थ, फ, ख यांतलं बारीक, उंच, हवेचं टोक, तेही एकेका अक्षरात क्षणभर असणारं. ताणून तेच बोथट होतं. संथपणा अक्षरात आणायचा नसतो, दोन चरणांच्या मधल्या जागेत आणायचा असतो. मी पुन्हा मुद्रण केलं, स्वतःच्या आवाजात, बोलण्याच्या साध्या गतीनं, प्रत्येक चरणानंतर संहितेत "श्वास" असं लिहून. तिथं खरोखर थांबायचं, मनातल्या मनात एक म्हणायचं आणि मग पुढं. ओवी आठ सेकंदांवरून चौदावर गेली, आणि ऐकताना ती ओढलेली वाटत नाही.

टाळ मात्र काढावे लागले. मन होईना. टाळाशिवाय हरिपाठ म्हणजे काय! पण टाळाचा किणकिणाट नेमका त्याच उंच पट्टीत असतो जिथं ती बारीक व्यंजनं असतात, आणि तो त्यांना झाकून टाकतो. अधू डोळ्यांच्या आणि अधू कानांच्या माणसांसाठी वेबचे जे जागतिक निकष आहेत, त्यांत बोलण्याच्या मागचा आवाज किमान २० डेसिबल खाली ठेवावा असं सांगितलंय. मी तानपुरा ठेवला, त्याहूनही खाली. टाळ दोन अभंगांच्या मधल्या जागेत वाजतात. तिथं कुणी बोलत नसतं.

या मधल्या जागेबद्दल मला वाटलं होतं की ती जितकी लहान तितकी बरी. मी तीन सेकंद ठेवले होते. माउलींचं चित्र येतं आणि पुढचा अभंग. आई चित्र आलं की फोन मांडीवर ठेवते, हात जोडते, डोळे मिटते, मग फोन उचलते, बोटानं चष्मा वर सरकवते, आणि पुन्हा बघते. तेवढ्यात पुढच्या अभंगाची पहिली ओवी अर्धी झालेली असायची. प्रत्येक वेळी. सत्तावीस अभंगांत प्रत्येक वेळी ती उशिरा येऊन बसत होती, आणि मला ती चित्र बघतेय असं वाटत होतं. आता मध्ये दहा सेकंद आहेत. चित्र, टाळ, आणि शेवटच्या तीन सेकंदांत नुसता आकडा, मोठा, आणि आवाजात एवढंच: "अभंग दुसरा." डोळे मिटलेल्या माणसालाही कळावं की आता फोन उचलायचा.

एक अभंग सव्वा मिनिटाच्या पुढंमागं झाला आणि सगळा व्हिडिओ अठरा मिनिटांचा होता तो अर्ध्या तासाच्या वर गेला. व्हिडिओ करणाऱ्या मैत्रिणीनं आकडा ऐकून मान हलवली. लोक कंटाळून जातील म्हणाली. तिचं चुकत नाही, तिच्या प्रेक्षकांसाठी. पण जी व्यक्ती रोज तेच म्हणते तिला पुढं काय येणार याची उत्सुकता नसतेच, तिला ते तिथंच असणार याची खात्री हवी असते. यूट्यूबवर आठ मिनिटांहून मोठ्या व्हिडिओच्या मध्ये जाहिराती घालता येतात, आणि आपण ठरवलं नाही तर त्या कुठं येणार हे आपल्या हातात राहत नाही. सातव्या अभंगाच्या मध्ये कुणीतरी ओरडून काहीतरी विकायला लागलं की आई दचकते, फोन उलटा ठेवते, आणि परत लावताना पहिल्यापासून लावते. मध्येच सोडलेला पाठ तिला पुढं चालू करता येत नाही. मी मधल्या सगळ्या जागा बंद केल्या. सुरुवातीचं "नमस्कार मंडळी, चॅनेलला" वगैरेही काढलं. पहिलं पान पाच सेकंदांचं, त्यावर नुसतं "हरिपाठ". शेवटी मात्र वीस सेकंद नुसतं चित्र ठेवलं. तिथं पुढच्या व्हिडिओंच्या चौकटी टाकायची सोय असते, त्या टाकल्या नाहीत, म्हणजे हात जोडताना अंगठा कशावर पडायला नको.

शुद्धलेखनाबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही. मी "द्वारी" लिहिलं होतं, आजच्यासारखं. तिच्या पोथीत "द्वारीं" आहे, टिंबासकट. ती म्हणाली नाही काही, पण त्या जागी तिची नजर किंचित अडते हे मी पाहिलं. ओळखीच्या चेहऱ्यावरचा तीळ गायब झाला तर होईल तसं. म्हणून पोथीची अक्षरं पोथीसारखी ठेवली. "ल"सुद्धा. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली नाही तर तो हिंदी वळणाचा, दांडीचा येतो, आणि "साधियेल्या" कुणा दुसऱ्याच्या हातचं वाटतं. पण तो अनुस्वाराचा ठिपका बारीक आहे. तो दिसतो की नुसता आठवतो, हे मला तिला विचारूनही कळलेलं नाही.

नवा व्हिडिओ मी तिला काही न सांगता लावून दिला आणि पुन्हा दारात उभी राहिले. पडद्यावर चार ओळी उमटल्या. अजून आवाज आलेला नव्हता. तिनं श्वास घेतला, आणि माझ्या मुद्रणातल्या आवाजानं "देवाचिये" म्हटलं तेव्हा तीही म्हणत होती, त्याच्याबरोबर, किंचित पुढंच. मी तिचे ओठ बघत राहिले आणि हातातल्या वहीत खुणा करत राहिले. ओठ थांबले तर फुली, पुढं गेले तर बाण. पहिल्या पाच अभंगांत एकही फुली नाही. दहाव्यानंतर बाण यायला लागले, म्हणजे तिथं ती रंगली की माझ्याहून वेगानं जाते. तिथले श्वास थोडे कमी करायला हवेत. एकोणिसाव्यात एक फुली आली.

संपल्यावर मी विचारलं, तिथं काय झालं? म्हणाली, कुठं? मी ओवी दाखवली. तिनं ती पुन्हा एकदा म्हटली, सरळ, न थांबता, आणि मग म्हणाली, "तिथं तुझ्या बाबांचा आवाज यायचा. ते तिथं नेहमी वरच्या पट्टीत जायचे."

ती फुली मी वहीत तशीच ठेवलीय. त्या ओवीच्या आधीचा श्वास दोन सेकंदांनी वाढवला आहे.